आठ महिन्यांनी पॅनिक अटॅक परत आला, तेव्हा काय काय करायचं

जुलैचा दुसरा आठवडा होता, सकाळची डोंबिवली स्लो, लेडीज डबा. मुंब्रा सुटलं आणि कळवा यायच्या आधी गाडी सिग्नलला थांबली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, पाऊस म्हणून खिडक्या बंद आणि डब्यात ओल्या छत्र्यांचा वास. आधी तोंड कोरडं पडलं, मग बोटांना मुंग्या, मग छातीत ते ओळखीचं धडधडणं, आणि डोक्यात एकच, परत आलं. गाडी जेमतेम चार मिनिटं थांबली असेल, पण ठाण्याला मी उतरले आणि बाकावर बसून रडले. भीतीने नाही रडले खरंतर, मागच्या नोव्हेंबरनंतर एकही अटॅक नव्हता, मी सगळ्यांना सांगून बसले होते की मी बरी झाले, आणि वाटलं ते सगळं वाया गेलं.

ज्यांना पॅनिक अटॅक येऊन गेलेत, उपचाराने बरं वाटलंय आणि आता परत एक आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण दीड-दोन वर्षं सायकियाट्रिस्ट आणि काउन्सेलर दोघांकडे जाऊन जे शिकले आणि या जुलै-ऑगस्टमध्ये परत एकदा पहिल्यापासून जे केलं ते सविस्तर सांगते. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, परत आलेला एक अटॅक तुम्हाला मागे नेत नाही, त्याच्यानंतर तुम्ही जे टाळायला लागता ते नेतं. म्हणून पुढे जे काही लिहिलंय ते सगळं त्या टाळण्याबद्दल आहे.

आधी हार्टचं बघून घ्या, पण एकदाच

जुना पेशंट असलो तरी प्रत्येक धडधड पॅनिकच असेल असं धरून चालू नये. छातीतलं दुखणं दाबल्यासारखं आहे आणि हातात, जबड्यात, पाठीत जातंय, जिना चढताना किंवा चालताना येतं आणि थांबलं की कमी होतं, खरोखर शुद्ध हरपली, किंवा या वेळचा त्रास नेहमीपेक्षा अगदी वेगळा वाटतोय, तर थेट हॉस्पिटल गाठायचं, तिथे लाजायचं नाही. वय चाळीसच्या पुढे असेल, शुगर-बीपी असेल, घरात हार्टचा इतिहास असेल तर जास्तच. पॅनिक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो, त्याची ती चढ-उतार जुन्या माणसाला ओळखता येते.

मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले, ईसीजी काढला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन केलं, कारण थायरॉइड वाढला किंवा रक्त कमी असलं तरी धडधड होते. सगळं नॉर्मल आलं आणि तिथे मी थांबले. पहिल्या वेळी मी चार महिन्यांत सहा ईसीजी काढले होते, प्रत्येक रिपोर्टनंतर दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी परत शंका, तो रिपोर्टच मग एक गोळी होऊन बसतो. या वेळी डॉक्टरांना सरळ विचारलं, कुठलं लक्षण दिसलं तर परत यायचं? त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, मी कागदावर लिहून घेतल्या, आणि त्या तीन सोडून कशासाठीही परत तपासणी करायची नाही हे ठरवलं.

परत का आलं, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका

मला हे काउन्सेलर ताईंनी समजावलं तेव्हा अर्धं ओझं तिथेच उतरलं, म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्याला वाटतं बरं झालो म्हणजे भीती पुसली गेली. तसं होत नाही. पावलोव्हचा कुत्र्याचा प्रयोग शाळेत ऐकलेला असतो, घंटा वाजली की खाणं, मग नुसत्या घंटेने लाळ. त्याचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. पुढे घंटा वाजवत राहिले पण खाणं दिलं नाही, तर हळूहळू लाळ येणं थांबलं. मग काही वेळ मध्ये जाऊ दिला आणि परत घंटा वाजवली, तर लाळ परत आली. म्हणजे जुनं शिकलेलं मिटलं नव्हतं, त्याच्यावर एक नवीन शिकणं चढलं होतं आणि दोन्ही आत शेजारी शेजारी होती. भीतीचंही तसंच आहे. “गाडी थांबली म्हणजे मी मरणार” हेही आत आहे आणि “गाडी थांबली तरी काही होत नाही” हेही आहे, त्या क्षणी कोण वर येईल एवढाच प्रश्न.

आणि नवीन शिकणं जरा नाजूक असतं, ते जिथे आणि ज्या परिस्थितीत शिकलो तिथेच जास्त चिकटून राहतं. मी ट्रेनची प्रॅक्टिस केली होती ऑक्टोबर ते जानेवारीत, बरी हवा, खिडक्या उघड्या, अकरा वाजताची रिकामी गाडी. जुलैची सकाळची गर्दी, दमट हवा, बंद खिडक्या, गाडी मध्येच अडकलेली, ही परिस्थिती माझ्या नव्या शिकण्यात कधी आलीच नव्हती. म्हणजे उपचार फसला नव्हता, एवढा एक भाग करायचा राहिला होता. ताई म्हणाल्या, “तू नापास नाही झालीस गं, तो धडाच झाला नव्हता.”

बाकी कारणंही बघायची, पण कागदावर आणि एकदाच, रोज रात्री उकरत बसायचं नाही. मी मागचे दोन-तीन महिने लिहून काढले तर हे निघालं. जूनमध्ये आईचं ऑपरेशन, पंधरा दिवस चार-पाच तास झोप, त्यामुळे दिवसाला पाच कप चहा. मे महिन्यात डॉक्टरांच्याच सांगण्यावरून गोळी हळूहळू कमी करून बंद झाली होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मे-जूनमध्ये मी जवळजवळ घरूनच काम केलं, ट्रेनमध्ये बसलेच नव्हते. यातलं काही मला चुकीचं वाटलं नव्हतं, एकेक गोष्ट छोटीच होती.

याच्यात एक लपलेली गोष्ट सगळ्यांनी शोधावी, ती म्हणजे कुबड्या. ताई याला कुबड्याच म्हणायच्या. पर्समध्ये पाण्याची बाटली असलीच पाहिजे, विक्सचं इनहेलर, जुन्या गोळीची अर्धी स्ट्रिप, दाराजवळचीच जागा, चढल्यावर नवऱ्याला मेसेज, कानात सतत काहीतरी चालू. बरं वाटत असतानाच यातल्या तीन माझ्याकडे गुपचूप परत आल्या होत्या. त्यांचा तोटा असा की प्रवास नीट झाला की श्रेय बाटलीला जातं, “बाटली होती म्हणून वाचले”, आणि आत काही नवीन शिकलंच जात नाही.

पहिले तीन दिवस

या तीन दिवसांत मी एक चूक केली ती सांगते. अटॅकनंतर दोन दिवस मी कॅबने ऑफिसला गेले. मनाला सांगितलं की जरा रिकव्हर होऊ दे. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर जायच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा आला, जो अटॅकच्या दुसऱ्या दिवशी नव्हता. टाळलं की लगेच बरं वाटतं आणि ते बरं वाटणं हेच भीतीचं खाद्य, दोन कॅबमध्ये एवढा फरक पडतो.

म्हणून, जिथे अटॅक आला त्या जागेच्या जवळपास दोन-तीन दिवसांत परत जायचं. पूर्ण नाही, छोटं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डोंबिवलीहून कोपरला गेले आणि परत आले, एकच स्टेशन, गाडीत बसणं काही मिनिटांचंच. धडधडलं, पण गेले. या तीन दिवसांत मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, नोकरी सोडू का, घर ऑफिसजवळ घेऊ का, हे सगळं मला तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटत होतं. रात्री दोन वाजता लक्षणं सर्च करायची नाहीत. चहा मी एकदम बंद नाही केला, कारण एकदम सोडला की डोकं दुखतं आणि त्याचीच भीती वाटायला लागते, पाचाचे तीन केले, मग दोन. आणि झोप, उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी.

शरीराचे व्यायाम परत सुरू करा, घरीच

पॅनिकमध्ये खरी भीती ट्रेनची नसते, आतल्या संवेदनांची असते. धडधड, गरगर, मुंग्या, गुदमर. म्हणून त्या संवेदना मुद्दाम आणायच्या आणि बघायचं की आपण जे धरून चाललोय ते होतं का. हार्ट, दमा, फिट येणं असं काही असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका, आणि पहिल्यांदाच करत असाल तर काउन्सेलरसमोर करा.

मी चार करते. तोंडाने खोल आणि भरभर श्वास एक मिनिट, याने मुंग्या आणि गरगर येते. जागेवर धावणं एक मिनिट, धडधडीसाठी. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास एक मिनिट, गुदमरल्यासारखं वाटायला. आणि उभं राहून गोल फिरणं एक मिनिट, चक्करेसाठी, बाजूला पलंग असू दे. चारही करून बघायचे आणि ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते तो निवडायचा, बाकीचे सोडून द्या.

माझा भरभर श्वासाचा. पद्धत अशी. आधी वहीत लिहायचं, काय होईल असं मला वाटतं आणि किती खात्री आहे. माझ्या वहीत पहिल्या दिवशी लिहिलंय, “बेशुद्ध पडेन, ७० टक्के”. मग एक मिनिट मोबाइलवर टायमर लावून श्वास. थांबल्यावर काहीही करायचं नाही, पाणी नाही, खिडकी नाही, दीर्घ श्वास नाही, नुसतं उभं राहायचं आणि ते आपलं आपण उतरू द्यायचं. मग लिहायचं, काय झालं. “ओठ बधिर, हात गार, पडले नाही.” परत करायचं. त्याच दिवशी तिसऱ्या वेळी मी लिहिलं होतं ३० टक्के. रोज तीन फेऱ्या, पाच-सहा दिवसांत ती खात्री ५ वर आली. भीती मात्र तेवढी कमी झाली नव्हती, अजून छातीत धस्स व्हायचंच, आणि ते चालतं. भीती किती वाटली याच्यापेक्षा जे होईल म्हणून घाबरलो ते झालं का, हे मोजायचं. मला हा फरक पहिल्या वेळी कळलाच नव्हता, मी भीती शून्यावर यायची वाट बघत महिने घालवले.

हे का चालतं तेही थोडं सांगते. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय असं वाटत असताना रक्तात तो कमी पडलेला नसतो. आणि बेशुद्ध पडायला सहसा बीपी खाली यावा लागतो, पॅनिकमध्ये तो उलट थोडा वरच जातो, म्हणून पॅनिकमध्ये लोक पडतील असं वाटतं पण पडतात क्वचित. रक्त किंवा इंजेक्शन बघून चक्कर येणाऱ्यांचं वेगळं असतं, ते पडू शकतात, त्यांनी त्याबद्दल वेगळं विचारावं.

मग शिडी, स्टेशनांची

घरचे व्यायाम सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाहेरचं. तुमची जागा ट्रेन नसेल, लिफ्ट असेल, मॉल, बँकेची रांग, घाटातली एसटी, पद्धत तीच. मी माझी जशी झाली तशी लिहिते.

पहिला आठवडा, डोंबिवली ते दिवा आणि परत, दुपारी, बसून. दोन दिवसांनी ठाण्यापर्यंत, कारण मुंब्रा-कळवा हाच तर माझा तुकडा. तिथे गाडी थांबो किंवा न थांबो, वहीत आधी लिहायचं. “कळव्याच्या आधी थांबली तर मी ओरडेन, दार उघडायला बघेन, ६० टक्के.” गंमत म्हणजे पहिल्या तीन फेऱ्यांत ती थांबलीच नाही आणि मला चक्क वाईट वाटलं, कारण तपासायचं होतं ते तपासलंच गेलं नाही. चौथ्या फेरीत थांबली. खूप धडधडलं, हाताला घाम आला, समोरची बाई कोथिंबीर निवडत होती, मी ती बघत बसले. ओरडले नाही. वहीत लिहिलं आणि त्याच्यापुढे तारीख टाकली.

दुसऱ्या आठवड्यात सकाळची गर्दी, पण ठाण्यापर्यंतच, आणि दाराजवळ नाही, मधे उभी. ही पायरी मला सगळ्यात जड गेली, तीन दिवस लागले. तिसऱ्या आठवड्यात घाटकोपर, आणि कुबड्या एकेक काढल्या, आधी नवऱ्याचा मेसेज, मग इनहेलर, मग बाटली. बाटली घरी ठेवून निघाले त्या दिवशी मुलुंडपासून तोंड इतकं कोरडं पडलं की बोलता येत नव्हतं, घाटकोपरला उतरून स्टॉलवर पाणी प्यायले, आणि कळलं की कोरड्या तोंडाने कोणी मरत नाही. चौथ्या आठवड्यात दादर, म्हणजे माझं ऑफिस.

याच्यात दोन गोष्टी पहिल्या वेळेपेक्षा मुद्दाम वेगळ्या केल्या, कारण तेव्हा त्या राहिल्या म्हणूनच हा उलटा फेरा, म्हणजे बरं झाल्यावर परत अटॅक येणं, आला होता. एक, प्रकार बदलत राहिले. सकाळ, दुपार, रात्र, पाऊस, लेडीज डबा, एकदा जनरल, एकदा कमी झोपेच्या दिवशी, एकदा निघायच्या आधी मुद्दाम कडक कॉफी पिऊन. सरळ एकेक पायरी चढायचा हट्ट नाही केला, कधी एकदम वरची घेतली, कधी खालची. जेवढ्या वेगवेगळ्या परिस्थितीत नवीन शिकणं होईल तेवढं ते पुढच्या नवीन परिस्थितीत वर येतं. दुसरं, दोन संवेदना एकत्र केल्या, म्हणजे स्टेशनचा जिना पळत चढायचा आणि धडधडत्या छातीनेच गाडीत शिरायचं.

गाडीत अटॅक आलाच तर

येईल. मला या पाच आठवड्यांत दोन पूर्ण आले आणि अर्धवट कितीतरी. तेव्हा करायचं एवढंच की थांबवायचा प्रयत्न थांबवायचा. मनात म्हणायचं, ये, किती वाढतोस बघू, आणि खरंच वाढवायला बघायचं. हे लिहिताना सोपं वाटतं, पहिल्यांदा करताना अशक्य वाटतं, तरी करा. खांदे आणि जबडा सैल सोडायचे, पाय होते तिथेच ठेवायचे, आणि आधी जे करत होतो ते करत राहायचं, मेथी निवडत असाल तर मेथी निवडा. हळू श्वास घेणं वाईट नाही, माझ्या डॉक्टरांनी शिकवलंही होतं, पण तो “हे थांबलंच पाहिजे” म्हणून घेतला तर तीही कुबडीच होते आणि दोन श्वासांत नाही थांबलं की घबराट दुप्पट.

उतरायचं नाही. आणि उतरलातच, माणूस आहे, होतं, तर तिथून रिक्षा करून घरी जायचं नाही. फलाटावर थांबायचं, दहा-पंधरा मिनिटांत जरा खाली आलं की पुढची गाडी पकडायची, एकच स्टेशन का होईना. त्या दिवसाचा शेवट पळण्याने होऊ द्यायचा नाही. मी एकदा भांडुपला उतरले, तिसरी गाडी पकडली, मधल्या दोन सोडल्या. ते ताईंना सांगताना मला वाटलं हार झाली, त्यांनी वहीत ती फेरी पूर्ण म्हणून धरली.

गोळ्यांचं

जुन्या स्ट्रिपमधून स्वतःच सुरू करू नका, हे कळकळीने सांगते. पॅनिकसाठी सहसा ज्या रोजच्या गोळ्या देतात, एसएसआरआय म्हणतात त्या, त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे तरी लागतात, कधी जास्त, आणि सुरुवातीच्या काही दिवसांत अस्वस्थपणा थोडा वाढू शकतो, म्हणून डॉक्टर छोट्या डोसने सुरू करतात. हे माहीत नसलं की माणूस चौथ्या दिवशी “ही पण चालत नाही” म्हणून सोडतो. चालू असलेली गोळी बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करणं हे तर उलट फेऱ्याचं मोठं कारण, आणि एकदम बंद केल्यावर जी चक्कर, करंट लागल्यासारखं, चिडचिड होते ती आजार परत आल्यासारखीच वाटते. तसं झालं असेल तर आधी डॉक्टरांना फोन.

दुसऱ्या प्रकारच्या, लगेच शांत करणाऱ्या गोळ्या, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम वगैरे, त्यांची सवय लागू शकते आणि डोस वाढत जाऊ शकतो. आणि प्रॅक्टिसच्या आधी घेतली तर शिकायचं ते नीट शिकलं जात नाही, श्रेय गोळीला जातं. पण रोज घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, ते धोक्याचं आहे, डॉक्टरांबरोबर हळूहळू.

माझ्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी परत सुरू करू या का, की चार आठवडे प्रॅक्टिस करून बघतेस? जेवण आणि ऑफिसचं काम चालू होतं म्हणून मी चार आठवडे मागितले, आणि नाही जमलं तर सुरू करेन हे आधीच कबूल केलं. माझ्या मैत्रिणीने अशाच वेळी लगेच सुरू केली, तिचंही बरोबरच होतं, ती घराबाहेरच पडू शकत नव्हती.

घरच्यांना काय सांगायचं

आईला कळल्यावर तिचं पहिलं वाक्य, “अगं, परत झालं का? मग एवढे पैसे घालवून काय उपयोग झाला?” तिला माझी काळजीच होती, पण ते वाक्य चार दिवस डोक्यात फिरत राहिलं. नवरा उलट, “राहू दे, मी सोडतो गाडीने, रोज सोडतो.” तेही प्रेमच, आणि माझ्यासाठी ते जास्त वाईट होतं.

दोघांना एका रविवारी बसवून सांगितलं. सल्ला नको, रोज “आज कसं वाटतंय” नको, सोडायला येणं नको. त्याऐवजी संध्याकाळी एकच विचारा, आज कुठपर्यंत गेलीस? नवऱ्याला वही दाखवली, टक्केवारी कशी उतरतेय ते. मग त्याला करायला काहीतरी मिळालं, शनिवारी स्ट्रॉच्या व्यायामाला तो टायमर लावून बसायचा. आईला सांगितलं की गुडघ्याचे व्यायाम सोडलेस की तुझा गुडघा परत दुखतो ना, तेव्हा आपण पहिली फिजिओ वाया गेली म्हणतो का? ते तिला लगेच पटलं.

बरं होतंय हे कशावरून ओळखायचं

अटॅकच्या संख्येवरून नाही. प्रॅक्टिस नीट चालू असेल तर पहिले दोन आठवडे ते वाढूही शकतात, कारण तुम्ही त्यांच्याकडे चालत जाताय. मी दर रविवारी तीन ओळी लिहिते. या आठवड्यात काय टाळलं, कुठली कुबडी वापरली, आणि अटॅक आल्यावर पुढे काय केलं. पहिल्या आठवड्यात टाळलेल्या गोष्टी सात होत्या, पाचव्यात एक. अटॅक त्याच काळात दोन होते, म्हणजे नुसते ते मोजले असते तर काहीच सुधारलं नाही असं वाटलं असतं. आणि पहिल्या वेळी ठाण्यापर्यंत पोचायला मला चार महिने लागले होते, या वेळी दहा दिवस. जुनी वही असेल तर काढून बघा, उलटा फेरा पहिल्या आजाराएवढा लांब बहुतेक वेळा नसतो कारण रस्ता ओळखीचा असतो.

चार ते सहा आठवडे मनापासून करूनही टाळणं वाढतंच असेल तर एकट्याने ओढत राहू नका, परत काउन्सेलर आणि सायकियाट्रिस्टकडे जा, गोळीचं ठरवा. आणि हे आणखी एक, काही वेळा परत येतं ते नुसतं पॅनिक नसतं. दोन आठवडे रोज उदास, कशातच मन नाही, पहाटे जाग येऊन झोपच नाही, किंवा दारूने धडधड दाबायची सवय लागतेय, तर त्याचा इलाज वेगळा लागतो आणि व्यायामांनी तो होणार नाही. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर वाट बघायचीच नाही. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगायचं.

बरं वाटायला लागल्यावर काय ठेवायचं, तर मी एवढं ठेवलंय. आठवड्यातून एकदा भरभर श्वासाची एक फेरी. महिन्यातून एकदा मुद्दाम गर्दीच्या वेळची गाडी, घरून काम असलं तरी. आणि वहीच्या शेवटच्या पानावर एक कागद चिकटवलाय, परत आलं तर पहिल्या तीन दिवसांत काय करायचं, माझ्याच अक्षरात, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. त्यावर पहिली ओळ आहे, “कॅब करू नकोस, कोपरला जाऊन ये.”

परवा संध्याकाळी दादरहून येताना कळवा सुटल्यावर गाडी परत थांबली, या वेळी अकरा मिनिटं. मुंग्या आल्या, थोड्या. शेजारच्या मुलीने विचारलं, “ताई, मुंब्रा गेलं का?” मी म्हटलं, नाही गं, यायचंय अजून, आणि मग आम्ही तिच्या परीक्षेबद्दल बोलत बसलो.